खाड्याची वही: एका मसुद्याच्या दुरुस्तीचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पाठवला. आमच्या छोट्या दिवाळी अंकात पेठांमधल्या घरगुती व्यवसायांवर एक विभाग करायचा होता. काकूंनी नव्या पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आतल्या गल्लीत, 1998 पासून 2022 पर्यंत मेस चालवली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं त्यांच्याकडे जेवायची. लेख मागितल्यापासून दोन महिने त्या "लिहिते गं" एवढंच म्हणत होत्या आणि मग एका संध्याकाळी एकदम नऊशे शब्द आले, एकही चूक नसलेले. शंका आली ती तिथेच. काकू मेसेजमध्ये 'आणि' नेहमी 'आणी' लिहितात.

फोन केला तर त्यांनी काही लपवलं नाही. "भाच्यानं मोबाइलमध्ये ते एआय घालून दिलंय. त्याला सांगितलं, त्यानं लिहून दिलं. चांगलं आहे ना?"

वाईट असं त्यात काहीच नव्हतं. सुरुवात अशी होती:

"विद्येचे माहेरघर असलेल्या पुण्यात दरवर्षी हजारो विद्यार्थी आपली स्वप्ने उराशी बाळगून येतात. घरापासून दूर असलेल्या या विद्यार्थ्यांसाठी मेस ही केवळ जेवणाची जागा नसते, तर ती मायेची ऊब देणारे दुसरे घर असते. गरमागरम चपाती, चविष्ट भाजी आणि आपुलकीचा स्पर्श यांमुळे त्यांचा संघर्षमय प्रवास सुकर होतो."

हा परिच्छेद कोथरूडच्या मेसवर चालला असता, कोल्हापूरच्या चालला असता, आणि ज्यानं मेस कधी पाहिलेलीच नाही त्यानंही लिहिला असता. एक शब्द मात्र जास्त टोचला. चोवीस वर्षं पोळ्या लाटलेली बाई लेखात 'चपाती' कशी म्हणेल? काकूंच्या मेसमध्ये चपाती हा शब्द सोलापूरकडची मुलं म्हणायची आणि काकू ओट्यापाशी उभ्या राहून त्यांना "पोळी म्हणा रे" असं सांगायच्या. हे त्यांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं.

लेख परत पाठवणं सोपं होतं. पण काकू पुन्हा लिहिणार नाहीत हे मला माहीत होतं. कोरा कागद त्यांना घाबरवतो. मग ठरवलं की याच मसुद्यावर बसायचं. एकूण पाच बैठका झाल्या. त्यातल्या दोन वाया गेल्या, आणि त्या का वाया गेल्या हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

पहिल्यांदा मी काकूंकडे मूळ सूचना मागितली, म्हणजे त्यांनी मोबाइलला नेमकं काय सांगितलं होतं ते. अशा कुठल्याही मसुद्याचं काम करताना मी आता हे आधी मागते, कारण लेखकाचं स्वतःचं जे काही आत गेलं असेल ते तेवढंच असतं. काकूंनी पाठवलेला स्क्रीनशॉट असा होता: "मी पुण्यात नव्या पेठेत चोवीस वर्षे मेस चालवली एमपीएससीच्या मुलांसाठी. त्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहून दे. भावनिक पाहिजे. स्वतःचे अनुभव पण टाक."

शेवटचं वाक्य वाचून मी हसले, मग थांबले. कुणाचे अनुभव? काकूंनी ते सांगितलेच नव्हते. तरी मसुद्यात अनुभव होते. लातूरकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, त्याला नावसुद्धा दिलेलं, परीक्षेच्या आदल्या रात्री तापानं फणफणला होता. काकूंनी त्याला मुगाची खिचडी भरवली. पुढे तो उपजिल्हाधिकारी झाला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन काकूंच्या पाया पडायला आला.

"काकू, हा कोण?"

"असा कुणी नव्हता." काकू जरा ओशाळल्या. "पण असं होतंच की गं. ताप यायचाच मुलांना. पेढेही यायचे."

मशीनकडून आलेल्या मजकुरातला खरा धोका या उत्तरात आहे. धडधडीत खोटं माणूस ओळखतो आणि काढून टाकतो. इथे जे आलं होतं ते सरासरीनं खरं होतं. चोवीस वर्षांत काही मुलांना ताप आला असणार, काही पास झाली असणार, काही पेढे घेऊन आली असणार. त्या सगळ्यांना एकत्र शिजवून एक मुलगा तयार केला होता, आणि तो इतका ओळखीचा वाटत होता की काकूंनी तो आपल्या आठवणीत दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती. आणखी चार वेळा वाचला असता तर पुढच्या वर्षी हाच प्रसंग त्यांनी मला घडलेला म्हणून सांगितला असता.

मग प्रिंट काढली आणि पेन्सिली घेऊन बसलो. जे वाक्य फक्त काकूच लिहू शकल्या असत्या त्याखाली हिरवी रेघ, जे घडलंच नाही त्यावर लाल काट, आणि जे कुणीही लिहिलं असतं ते तसंच सोडायचं. हिरव्या रेघा दोनच आल्या, दोन्ही मूळ सूचनेतल्या: नवी पेठ आणि चोवीस वर्षं. लाल काट तापाच्या मुलावर आणि 'पहाटे चारला उठून' या शब्दांवर. काकू साडेपाचला उठायच्या आणि ते त्यांना ठणकावून सांगायचं होतं. बाकी सगळं पान पांढरं राहिलं. काकूंनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी यात नाहीच."

पहिली दुरुस्ती, जी चुकली

यानंतर मी केलं ते बहुतेक जण करतील. मसुद्याचा सांगाडा ठेवला आणि प्रत्येक परिच्छेदात काकूंचा एकेक खरा प्रसंग बसवला. मसुद्यात पाच भाग होते: पुण्यात येणारे विद्यार्थी, घरच्या चवीचं महत्त्व, आपुलकीचं नातं, कोरोनातली आव्हानं, आणि समाधान. मी काकूंना फोनवर विचारलं, "चवीबद्दल एखादा किस्सा सांगा." त्यांनी सांगितला. "आपुलकीबद्दल?" तोही सांगितला. दोन तासांत लेख भरला. चपातीची पोळी झाली, तापाचा मुलगा गेला, आमटीत चिंचेऐवजी आमसूल का घालायच्या ते आलं.

काकूंनी तो वाचला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता यातलं सगळं खरं आहे. पण मी असं म्हणत नाही."

मी दोन दिवस भाषेत खाटखूट करत बसले. मला वाटलं त्यांचा आक्षेप शैलीवर आहे. 'महत्त्वपूर्ण' काढा, वाक्यं तोडा, 'गं' घाला. त्यानं काही फरक पडेना. मग प्रत्येक परिच्छेद तीन तुकड्यांत कापून पाहिला: आधीचं सर्वसाधारण विधान, मधला काकूंचा प्रसंग, शेवटचं तात्पर्य. विधान आणि तात्पर्य मशीनचं होतं, मधला घास काकूंचा. म्हणजे विचार दुसऱ्याचा आणि पुरावा काकूंचा. कोर्टात साक्षीदाराला 'हो की नाही एवढंच सांगा' म्हणतात तसं मी त्यांना वागवलं होतं. किस्साही मीच विषय देऊन मागितला होता, त्यामुळे त्यांनी विधानाला सोयीचा तेवढाच काढून दिला.

याची एक चाचणी मला तेव्हा सापडली. प्रसंग झाकायचा आणि फक्त त्याच्या मागचं-पुढचं वाचायचं. प्रसंगाशिवाय परिच्छेदाचा अर्थ तोच राहत असेल, तर तो प्रसंग नुसता चिकटवलेला आहे. मग उलट करायचं: विधान आणि तात्पर्य झाकून नुसता प्रसंग वाचायचा आणि विचारायचं, यावरून मला काय वाटलं असतं? काकूंच्या पाचपैकी तीन प्रसंगांतून त्यांच्या डोक्यावर बसवलेलं विधान निघत नव्हतं. 'आपुलकीचं नातं' या भागात तर प्रसंग विधानाच्या उलटच जात होता. त्यात एक मुलगा महिनाअखेरीला तीन दिवस जेवायला आला नव्हता आणि काकूंनी वहीत नोंद करून पुढच्या महिन्याच्या पैशांतून तेवढे कापले होते. यात आपुलकी कुठे होती?

वही

तिसऱ्या बैठकीला मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि मसुदा पिशवीतच ठेवला. काकूंना म्हटलं, मेसच्या वह्या काढा. त्यांनी त्या ठेवल्या असतील असं वाटलं नव्हतं, पण यजमानांचा छापखाना होता, त्या घरात कागद टाकत नाहीत. पोटमाळ्यावरून लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या आल्या. सुरुवातीच्या वर्षांच्या सगळ्या नव्हत्या.

ज्यांनी कधी मेस लावली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे, आणि मूल गावी गेलं किंवा बाहेर जेवलं की त्या दिवसाचा 'खाडा'. आधी सांगून धरलेल्या खाड्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. मसुद्यात याला 'अनुपस्थितीनुसार शुल्कात सवलत' म्हटलं होतं. काकूंनी तो शब्दप्रयोग मोठ्यानं वाचला आणि "हे कुठल्या बँकेचं?" असं विचारलं.

प्रश्न कसे विचारायचे हेही मी तोपर्यंत शिकले होते. "मेस चालवताना तुम्हाला काय वाटायचं?" असं विचारलं की काकू तडक मसुद्याच्या भाषेत जायच्या: समाधान वाटायचं, मुलं आपलीच वाटायची. याचा दोष मशीनला देता येणार नाही. माणसालाही असा प्रश्न विचारला की तो समारंभातलं उत्तर देतो. मशीन तीच समारंभी उत्तरं वाचून शिकलंय, एवढंच. म्हणून मी पानावर बोट ठेवून विचारायला लागले. हा कोण? याच्यापुढे तीन फुल्या का? ही रक्कम खोडून परत का लिहिलीय? "का वाटलं" नंतर, "काय झालं" आधी.

2019 ची वही उघडली होती. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला 2,400 रुपये, पूर्ण दिवसाच्या खाड्याचे 60 परत. बाकीचे वीस का नाही, असं मी विचारलं. "गॅस, भाडं, बाईचा पगार खाडा धरतात का?" असं उत्तर आलं. आणि वहीच्या पहिल्याच पानावर काकूंच्या अक्षरात नियम होता: सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.

"हा नियम तुमचा?"

"माझाच. सगळ्याच मेसवाल्यांचा असतो असा काहीतरी. एकेका दिवसाचा खाडा धरला की हिशेब जमत नाही, कणीक किती भिजवायची ते कळत नाही."

मग मी पानं उलटत गेले आणि काकू बोलत गेल्या. फुल्या दिवाळीत होत्या, गणपतीत होत्या, ते समजण्यासारखं होतं. पण जवळपास प्रत्येक महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर ठरावीक काही नावांपुढे तीन-तीन फुल्यांचे पुंजके होते. मी विचारलं, ही मुलं दर महिन्याला गावी जायची का?

काकूंनी चष्मा काढला. रेकॉर्डिंगमध्ये इथे पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, फक्त पंख्याचा आवाज आहे.

"नाही गं. इथेच असायची. अभ्यासिकेत." आणि मग, "हे मला फार उशिरा कळलं. तीन दिवस खाडा सांगितला की एकशे ऐंशी रुपये सुटायचे. फॉर्मचे पैसे, झेरॉक्स, अभ्यासिकेची फी. एक दिवसाचा धरला असता तर एक दिवस उपाशी राहिली असती. मी तीनचा नियम केला म्हणून तीन दिवस राहिली. बिस्किटावर."

कळलं कसं, तर एका संध्याकाळी त्या रद्दी द्यायला निघाल्या होत्या आणि 'गावी गेलेला' मुलगा त्यांना गल्लीच्या तोंडाशी दिसला. त्यानं मान खाली घातली. काकू काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी मागच्या दोन वर्षांच्या वह्या उघडल्या. तीनचा नियम काढायला मात्र त्यांना आणखी चार महिने लागले. "कारण तो काढला तर माझे पैसे जात होते. तेही खरं आहे. तेव्हा आमच्याकडे दुसरं काही येत नव्हतं."

आणि त्याच दमात पुढचं वाक्य, जे नंतर लेखाचं पहिलं वाक्य झालं: "मी कुणाची आई नव्हते. मी महिन्याला पैसे घेत होते."

मसुद्यात 'आई', 'माया' आणि 'मायेची ऊब' मिळून सात ठिकाणी होती.

सांगाडा मोडला

इथून पुढे मसुद्याची दुरुस्ती करण्याचा प्रश्नच उरला नाही. काकूंचा विचार त्या पाच भागांत मावत नव्हता. त्यांना सांगायचं होतं ते एवढंच: मी हिशेबाच्या सोयीसाठी एक नियम केला, त्यानं मुलं उपाशी राहिली, मला ते वहीतून दिसत होतं तरी मी ते वाचलं नाही. घरच्या चवीचं महत्त्व यात कुठेच येत नाही. कोरोना येतो, पण वेगळ्या कारणानं.

चौथ्या बैठकीत आम्ही मसुदा बाजूला ठेवून रेकॉर्डिंगच्या टंकलेखनावरून लेख बांधला. आधी मेसचा व्यवहार, मग नियम, मग फुल्यांचे पुंजके, मग गल्लीच्या तोंडाशी दिसलेला मुलगा, मग ते चार महिने. मसुद्यातून काय घेतलं? 'चोवीस वर्षे' घेतलं. एक उपयोग मात्र त्याचा झाला हे मी मान्य करते. समोर काहीतरी छापलेलं होतं म्हणून काकू त्याच्याशी भांडल्या. 'पहाटे चारला' वाचून त्या भडकल्या नसत्या तर 'साडेपाचला' आणि त्यामागचं कारण, म्हणजे दूधवाला पावणेसहाला येतो, हे त्यांनी कधीच सांगितलं नसतं. कोऱ्या कागदाला घाबरणारा माणूस चुकीच्या कागदाला घाबरत नाही.

लेखाची सुरुवात छापून आली ती अशी:

"मी कुणाची आई नव्हते. मी महिन्याला पैसे घेत होते, आगाऊ, एक ते पाच तारखेच्या आत. ज्याचे पाचच्या आत आले नाहीत त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीनं टिंब करायची. पेनानं नाही, कारण टिंब पुसावं लागायचं आणि पुसायला मला आवडायचं."

शेवटचं अर्धं वाक्य मी ठेवावं की नाही यावर घुटमळले होते. ते थोडं नटवं वाटलं. पण रेकॉर्डिंगमध्ये ते जसंच्या तसं आहे. हल्ली उलटा संशय घ्यायची वेळ येते: नीट बांधलेलं वाक्य दिसलं की ते मशीनचंच असणार असं वाटतं. माणसंही कधी कधी छान बोलतात.

आता कोरोनाचा भाग. मसुद्यात "2020 मध्ये परीक्षा पुढे ढकलल्याने विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य पसरले" असं वाक्य होतं. काकूंनाही ते बरोबर वाटलं होतं. पण बोलताना त्या म्हणाल्या की परीक्षा पुढे गेल्याचं कळल्यावर मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, त्या संध्याकाळी त्यांनी साबुदाणा खिचडी केली होती आणि ती तशीच पडून राहिली. खिचडी का? उपवास होता. कुठला? महाशिवरात्रीचा. यावरून दिवस पक्का झाला. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 2020 मध्ये वारंवार पुढे गेली होती हे खरंच आहे, पण मुलं रस्त्यावर उतरली तो दिवस 11 मार्च 2021 चा. परीक्षा अवघ्या तीन दिवसांवर, 14 तारखेच्या रविवारी होती. ती पुढे गेल्याचं जाहीर झालं आणि त्या दिवशी महाशिवरात्र होती. परीक्षा मग 21 मार्चला झाली. वहीत 11 तारखेच्या रकान्यात रात्रीच्या जेवणापुढे काकूंनी आडवी रेघ मारली आहे आणि बाजूला लिहिलं आहे, 'खाडा माझा'. त्या रात्रीचे पैसे त्यांनी स्वतःहून सगळ्यांना वळते केले होते. तीनचा नियम तोपर्यंत गेलेला होता.

मशीननं दिलेलं साल अगदीच चूक होतं असंही नाही. पण त्या वर्षात खिचडी नव्हती. आणि आठवणीवरही विसंबून चालत नाही, हेही इथे दिसलं. काकूंनी आधी 2020 ला मान डोलावलीच होती. आठवण, वही आणि पंचांग एका ओळीत आले तेव्हाच आम्ही तारीख छापली.

गल्लीच्या तोंडाशी दिसलेल्या मुलाचं काय करायचं हा नाजूक भाग होता. तो आज सरकारी नोकरीत आहे आणि काकूंना अजून फोन करतो. त्याला ओळखता येऊ नये म्हणून माझ्या मनात आलं की त्याचा जिल्हा बदलावा, परभणीचं नांदेड करावं. काकूंनी साफ नकार दिला. "मग तो तापाचा मुलगा काय वाईट होता?" त्यांचं बरोबर होतं. आम्ही जिल्हा, साल आणि खातं तिन्ही गाळलं, पण बदललं काहीच नाही. गाळल्यानं लेख थोडा पुसट होतो, पण बदलला असता तर पुन्हा तयार केलेला मुलगा उभा राहिला असता. शिवाय काकूंनी त्याला फोन करून मजकूर वाचून दाखवला. तो हसला म्हणे, आणि म्हणाला की बिस्किटं नव्हती, फुटाणे होते. आम्ही फुटाणे केलं.

परत गुळगुळीत

पाचवी बैठक वाया गेली ती माझ्या आळसामुळे. लेख पूर्ण झाला होता, काकूंच्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडूनच इकडेतिकडे झाले होते आणि मला दुसऱ्या दिवशी गावाला जायचं होतं. मी तो भाच्याच्या त्याच साधनात टाकला आणि फक्त शुद्धलेखन तपासून द्यायला सांगितलं. परत आला तो वरवर तसाच दिसला, म्हणून मी पुढे पाठवणार होते. सहज दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून पाहिल्या, तेव्हा कळलं की शुद्धलेखनाच्या नावाखाली सतरा ठिकाणी मजकूर बदललाय. 'खाडा' एका ठिकाणी 'गैरहजेरी' झाला होता. 'तेही खरं आहे' हे वाक्य गेलं होतं, बहुधा पुनरुक्ती वाटली म्हणून. आणि शेवटी एक नवं वाक्य आलं होतं: "आज मागे वळून पाहताना जाणवते की, त्या वहीने मला माणुसकीचा खरा अर्थ शिकवला."

काकूंच्या लेखाचा शेवट नियम काढला त्या दिवशीच्या कणकेच्या मापावर होता. त्या दिवशी अर्धा किलो कणीक जास्त भिजली आणि ती उरली, कारण नियम गेल्याचं मुलांना अजून माहीतच नव्हतं. त्या उरलेल्या कणकेवर माणुसकीचा अर्थ ओतला की संपलंच सगळं.

म्हणून आता मी अशा वेळी मजकूर हातात देत नाही. चुकीच्या शब्दांची नुसती यादी मागते, म्हणजे मूळ शब्द आणि सुचवलेला शब्द, आणि त्या यादीतलं काय घ्यायचं ते मूळ प्रतीवर स्वतः करते. वेळ जास्त लागतो. तरी सतरा बदल शोधून परत फिरवण्यापेक्षा कमीच.

लेखाखाली काय लिहायचं यावरही बोलणं झालं. आधीचा मसुदा मशीनचा होता हे सांगायचं का? छापलेल्या लेखात त्याचं एकही वाक्य नव्हतं, तेव्हा मला गरज वाटत नव्हती. काकूंना वाटत होती. त्यांच्या सांगण्यावरून तळाला एक ओळ आली: 'हा लेख सुरुवातीला मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतला होता. तो आवडला नाही म्हणून वही काढली.'

एक गोष्ट मात्र अजूनही माझ्या मनात आहे. काकू नकार देऊ शकल्या असत्या. "आपुलकीचं नातं" छापून आलं असतं तर शेजारीपाजारी कौतुक झालं असतं, भाच्यानं ते स्टेटसला ठेवलं असतं. आता नात्यातल्या एका बाईंनी फोन करून विचारलं की हे असं जगासमोर मांडायची काय गरज होती. मी काकूंना छापण्याआधी दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पहिल्या लेखात मी चांगली होते, पण ती मी नव्हते. हिला निदान मी ओळखते." तरीही त्या आठवड्यात त्या नीट झोपल्या नाहीत, हे मला नंतर भाच्याकडून कळलं. लेखकाला त्याच्या खऱ्या विचारापर्यंत नेताना संपादकाला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे, आणि मी योग्य जागी थांबले की नाही हे मला ठरवता आलेलं नाही.

सप्टेंबरअखेरीला डीटीपीचं प्रूफ आलं. ऑपरेटर मुलगा चोख काम करणारा, पण त्याला 'खाडा' हा शब्द टायपिंगची चूक वाटला होता आणि त्यानं तो संपूर्ण लेखात एकजात सुधारला होता. त्यामुळे प्रूफमध्ये काकूंचा नियम असा होता: सलग तीन दिवसांपेक्षा कमी खड्डा धरला जाणार नाही.

काकूंना वाचून दाखवलं, तर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "राहू दे," त्या म्हणाल्या, "पुण्यात कुणाला कळायचं नाही." मी ते एकोणीस ठिकाणी हातानं बदललं.